परवानगी मागितली, तिथे हक्क थांबला

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. घाट उतरून ती नगर हवेलीतून जाते आणि दमणजवळ समुद्राला मिळते. या नदीच्या खालच्या टप्प्यावर पोर्तुगीजांचे तीन तुकडे होते: किनाऱ्यावर दमण, आणि आत जमिनीने चहूबाजूंनी वेढलेले दादरा आणि नगर हवेली. मधली पट्टी आधी मराठ्यांची, मग इंग्रजांची, मग भारताची. या पट्टीतून पोर्तुगीजांना जायचा हक्क होता की नव्हता, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १२ एप्रिल १९६० रोजी त्याचा निकाल लागला. नाशिकहून सावळघाट उतरून, पेठ-कपराड्याच्या रस्त्याने ज्या मुलुखात आपण अर्ध्या दिवसात पोचतो, त्या मुलुखाने आंतरराष्ट्रीय कायद्यातला एक अवघड प्रश्न सोडवायला साधन दिलं आहे. तरीही आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पेपरसाठी ज्या टिपा फिरतात, त्यात या खटल्याला जेमतेम एक ओळ मिळते: ‘स्थानिक रूढी दोन राज्यांतही असू शकते.’ पुढे काही नाही.

माझं म्हणणं असं आहे की रूढिजन्य आंतरराष्ट्रीय कायदा शिकवताना सुरुवातच या खटल्याने करावी. उत्तर समुद्राच्या खंडमंचाचा १९६९ चा निकाल, निकाराग्वाचा १९८६ चा निकाल, हे सगळं नंतर यावं. हा आग्रह जवळच्या गावाच्या प्रेमापोटी नाही. एकाच रस्त्यावरून, त्याच दोन पक्षांमध्ये, त्याच काळात दोन प्रकारची ये-जा चालू होती. न्यायालयाने एका प्रकाराला रूढी म्हटलं आणि दुसऱ्याला नाही. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली की काय होतं, हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा खटला मला माहीत नाही.

आधी पाया थोडक्यात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं अनुच्छेद ३८, परिच्छेद १, खंड ‘ख’ सांगतं की न्यायालय आंतरराष्ट्रीय रूढी लागू करील, आणि ती म्हणजे कायदा म्हणून स्वीकारलेल्या सर्वसाधारण आचरणाचा पुरावा. यातून दोन घटक निघतात. एक, राज्यांचं प्रत्यक्ष आचरण. दोन, ते आचरण कायद्याने बंधनकारक आहे किंवा कायद्याने आपला हक्क आहे या जाणिवेने केलेलं असणं, ज्याला लॅटिनमध्ये ‘ओपिनिओ ज्युरिस’ म्हणतात. हे दोन घटक वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. उत्तरपत्रिकेत ते दोन उपशीर्षकांखाली येतात, प्रत्येकाखाली एक-एक खटला, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही घटक आवश्यक आहेत’.

दुसऱ्या घटकाशी आलं की मात्र लिखाण पातळ होतं. एका विद्यार्थ्याने मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, देशाला मन कुठे असतं? मग त्याची भावना कशी सिद्ध करायची?” प्रश्न अगदी रास्त आहे. पुस्तकं या घटकाला ‘मानसिक घटक’ म्हणून मोकळी होतात आणि मुलं उत्तरात लिहितात की राज्याच्या मनात कर्तव्याची भावना हवी. परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. खरं तर न्यायालय कुणाच्याही मनात डोकावत नाही. ते कागद वाचतं: कोण कुणाला काय लिहीत होतं, कशाची परवानगी मागत होतं, कशाबद्दल तक्रार करत होतं, कशाबद्दल गप्प होतं. दमण-दादराच्या खटल्यात हे सगळे कागद आहेत.

गोष्ट १७७९ पासून सुरू होते. सवाई माधवरावांच्या काळात पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपयांचं महसुली उत्पन्न लावून द्यायचं ठरलं, आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी त्यासाठी गावं नेमून दिली. पोर्तुगालने हेगला सांगितलं की आम्हाला तेव्हाच सार्वभौमत्व मिळालं आणि त्याबरोबर रस्त्याचा हक्कही. न्यायालयाने ते मानलं नाही. मराठ्यांनी दिला तो जहागिरीसारखा, सरंजामासारखा महसुलाचा हक्क. गावं सार्वभौमत्वासह तोडून दिली नव्हती. म्हणजे मराठ्यांच्या काळात दादरा-नगर हवेली हे परक्या मुलुखाने वेढलेले तुकडे नव्हतेच, आणि रस्त्याच्या हक्काचा प्रश्नही तसा उभा राहत नव्हता.

१८१८ नंतर चित्र बदललं. इंग्रज आले तेव्हा त्यांना पोर्तुगीज त्या गावांवर पूर्ण आणि एकट्याने कारभार करताना दिसले. इंग्रजांनी ते तसंच चालू दिलं, त्यावर हरकत घेतली नाही, आणि पुढे भारतानेही सुरुवातीला तेच केलं. रूढीचा काळ मोजायचा तो इथून. तहावर उभा केलेला दावा पडला, म्हणून तर रूढीचा दावा महत्त्वाचा ठरला. परीक्षेत हा क्रम लिहिणारा विद्यार्थी क्वचित भेटतो.

आता पहिल्या प्रकारची ये-जा. खाजगी माणसं, पोर्तुगालचे मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल दमणहून दादरा-नगर हवेलीत इंग्रजी मुलुखातून जात-येत होता. माणसांना नेहमीच्या तपासणीपलीकडे अडथळा नव्हता. मालाला जकातीचे नियम होते आणि सुरक्षिततेसाठी वा महसुलासाठी लागणारं नियंत्रण होतं. काही वेळा बंदीही आली: दुसऱ्या महायुद्धात मालाच्या ये-जा करण्यावर सर्वसाधारण बंदी होती, मिठाच्या वाहतुकीवर बंदी होती, आणि काही प्रसंगी दारूवर व ती गाळायला लागणाऱ्या मालावरही. भारताचा युक्तिवाद असा होता की जे आम्ही हवं तेव्हा थांबवू शकत होतो ते हक्काचं कसं? न्यायालयाने या बंद्या नीट पाहिल्या. प्रत्येकीमागे एक ठरावीक कारण होतं, युद्ध किंवा मिठाचा आणि दारूचा महसूल. त्या रस्ता नाकारण्यासाठी घातलेल्या नव्हत्या. कारण संपलं की ये-जा पुन्हा मोकळी होत होती आणि त्यासाठी नव्याने कुणाला विचारावं लागत नव्हतं.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. नियमन आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमनात जाणं गृहीत धरलेलं असतं आणि कसं जायचं एवढंच ठरवलं जातं. परवानगीत जायचं की नाही हेच दुसऱ्याच्या हातात असतं. बहुतेक मुलं ‘भारताने निर्बंध घातले होते, म्हणून आचरण सातत्याचं नव्हतं’ असं लिहितात आणि तिथेच उत्तर चुकतं. निर्बंध दिसला की त्याचं कारण पाहायचं, आणि तो उठल्यावर ये-जा आपोआप सुरू झाली की नव्याने विनंती करावी लागली हे पाहायचं.

दुसऱ्या प्रकारची ये-जा सैन्याची, सशस्त्र पोलिसांची आणि शस्त्रास्त्रांची. तीही होत होती. पोर्तुगीज शिपाई याच पट्टीतून नगर हवेलीत जात होते. संख्या आणि वारंवारता पाहिली तर हेही आचरणच होतं, आणि पोर्तुगालने तसाच युक्तिवाद केला: आमचे सैनिक इतकी वर्षं गेले आहेत, तेव्हा ही रूढी झाली. पण कागद वेगळं सांगत होते. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात व्यापाराचा करार झाला. त्याच्या अठराव्या कलमात स्पष्ट होतं की एकाच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हिंदुस्थानातल्या मुलुखात शिरायचं तर ठरलेल्या काही कारणांखेरीज रीतसर विनंती करायला हवी. शस्त्रं आणि दारूगोळा नेण्यासाठी शस्त्र कायद्याच्या नियमांखाली खास परवाना लागत होता.

१८९० मध्ये मुंबई सरकारने तक्रार केली की पोर्तुगीजांची सशस्त्र माणसं रीतसर विनंती न करता दमणहून नगर हवेलीकडे आमच्या मुलुखातून जात आहेत. २२ डिसेंबर १८९० रोजी पोर्तुगीज हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलने उत्तर पाठवलं. त्याचा आशय असा: पोर्तुगीज सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही, ही पद्धत शतकानुशतकं पाळली गेली आहे आणि तीतून करारांचा आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचा मान राखला जातो.

हे पत्र मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा नेहमी शांतता पसरते, कारण मुलांना त्याचं वजन लगेच कळतं. त्या क्षणी गव्हर्नर-जनरलला तक्रार मिटवायची होती आणि त्यासाठी त्याने सगळ्यात सोयीचं वाक्य लिहिलं. सत्तर वर्षांनी तेच वाक्य त्याच्या देशाविरुद्ध वापरलं गेलं. ‘आम्हाला हक्क आहे, तुमच्या परवानगीची गरज नाही’ असं त्याने लिहिलं असतं, तर मुंबई सरकार कदाचित चिडलं असतं, पण रूढीच्या बाजूने एक कागद उभा राहिला असता. त्याने परवानगी मागण्याची पद्धत स्वतः, अभिमानाने, शतकांची म्हणून सांगितली. जो नियमाने परवानगी मागतो त्याला आपला हक्क आहे असं वाटत नसतं, किंवा निदान तसं वाटत असल्याचं तो दाखवत नसतो. आंतरराष्ट्रीय कायद्याला दाखवलेलंच दिसतं.

पुढे करार १८९२ मध्ये संपला, तरी परवानगीची पद्धत चालू राहिली. विसाव्या शतकात पोलिसांच्या प्रवेशाबाबत दोन्ही बाजूंनी काही सवलती ठरल्या, पण त्याही देवघेवीच्या: तुमचे शिपाई आमच्याकडे, आमचे तुमच्याकडे. हक्क असलेल्याला अशी देवघेव करावी लागत नाही. या सगळ्यावरून न्यायालयाने निष्कर्ष काढला की सशस्त्र दलं आणि शस्त्रं यांच्याबाबतीत ये-जा होती, पण ती इंग्रजांच्या आणि नंतर भारताच्या मर्जीवर होती. म्हणून हक्क नाही. हा भाग आठ विरुद्ध सात अशा मतांनी ठरला. मुलकी ये-जा मात्र अकरा विरुद्ध चार अशा मतांनी रूढी ठरली: सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चाललेलं, सातत्याचं, एकसारखं आचरण, जे भारत स्वतंत्र झाल्यावरही बदललं नाही. दोनच राज्यांत रूढी होऊ शकत नाही हा भारताचा मुद्दा न्यायालयाने एका वाक्यात बाजूला केला: दोघांनी दीर्घकाळ पाळलेली आणि आपापसातले संबंध ठरवणारी म्हणून मान्य केलेली पद्धत हक्क आणि कर्तव्य का निर्माण करू शकणार नाही?

निकालाचा तिसरा भाग परीक्षेत हमखास सुटतो. हक्क मान्य झाला, तरी भारताने तो मोडला असं न्यायालयाने म्हटलं नाही. हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं. १९५४ च्या जुलैत दादऱ्यातला पोर्तुगीज कारभार उलथला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सिल्व्हासाही गेलं. स्वयंसेवकांमध्ये महाराष्ट्रातले बरेच जण होते, संगीतकार सुधीर फडके त्यांतले एक. आजूबाजूच्या मुलुखात तणाव होता आणि त्यात भारताने पोर्तुगीज प्रतिनिधींना जाऊ देण्यास नकार दिला. रस्त्याचा हक्क मुळातच भारताच्या नियमनाखाली होता, आणि त्या परिस्थितीत नकार देणं हे नियमनाच्या कक्षेतच होतं, असं न्यायालयाने मानलं. मघाशी मिठाच्या बंदीने हक्क मोडला नव्हता आणि नंतर तणावातल्या नकारानेही मोडला नाही, याचं कारण एकच आहे.

आता माझा मतभेद. या खटल्यात भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांनी बहुमताविरुद्ध मत दिलं. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा की बाहेरून दिसणारं आचरण पुरेसं नाही. ते करताना दोन्ही पक्षांना कायद्याचं बंधन वाटत होतं हे वेगळं दिसायला हवं, आणि तेच रूढीला साध्या वहिवाटीपासून वेगळं करतं. आपल्याकडच्या टिपांत छागलांचं नाव देशाभिमानाने येतं आणि त्यांचा युक्तिवाद येत नाही. मला त्यांचा युक्तिवाद अर्धा पटतो. मुलकी ये-जा रूढी ठरवताना बहुमताने दुसरा घटक खरोखरच घाईने उरकला आहे. आचरण दीर्घ होतं, एकसारखं होतं, आणि ‘एकूण परिस्थिती पाहता’ ते कायदा म्हणून स्वीकारलं गेलं होतं, एवढंच तिथे म्हटलं आहे. ती परिस्थिती कोणती, हे त्या परिच्छेदात उलगडलेलं नाही. पुढे १९६९ च्या उत्तर समुद्र खटल्यात याच न्यायालयाने सांगितलं की नुसतं वारंवार होणं पुरेसं नाही. समारंभ आणि राजशिष्टाचारातल्या कितीतरी गोष्टी जवळजवळ नेहमीच केल्या जातात, पण सोयीखातर किंवा सौजन्याने. आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या २०१८ च्या निष्कर्षांतही दोन्ही घटक स्वतंत्रपणे तपासायला सांगितलं आहे. या कसोटीवर १९६० चा तो परिच्छेद तोकडा पडतो.

तरी छागलांचा निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो का पटत नाही हे निकालाच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे. सशस्त्र ये-जा आणि मुलकी ये-जा शेजारी ठेवून पाहा. एकासाठी पत्रं, विनंत्या, परवाने, तक्रारी. दुसऱ्यासाठी सव्वाशे वर्षांत तसलं काही नाही. ब्रिटिशांना परवानगीची पद्धत माहीत होती, ती ते सैन्यासाठी काटेकोरपणे राबवत होते, मग व्यापाऱ्यासाठी आणि मुलकी अधिकाऱ्यासाठी त्यांनी ती का राबवली नाही? परवानगी मागायला लावण्याची सवय असलेल्या सरकारने काही लोकांकडून ती मागितलीच नाही, यातून ते काय मानत होतं ते दिसतं. बहुमताने हा युक्तिवाद एवढा उघड मांडला असता, तर छागलांना उत्तर मिळालं असतं. कागद नसणं हाही पुरावा ठरतो, पण फक्त तेव्हाच, जेव्हा शेजारच्या गोष्टीसाठी कागद असतात.

शेतरस्त्याच्या भांडणांशी परिचय असलेल्या नाशिककरांना हे लगेच उमगेल. वीस वर्षं शेजाऱ्याच्या बांधावरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ खाली हक्क सांगता येतो, पण ती ये-जा शांतपणे, उघडपणे, अखंड आणि हक्काच्या नात्याने झालेली हवी. दर हंगामात ‘दादा, यंदाही जाऊ का?’ विचारून गेलेल्याची वीस काय, चाळीस वर्षं झाली तरी वहिवाट पिकत नाही. साम्य इथवरच आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात वीस वर्षांसारखा ठरावीक आकडा नाही, आणि सव्वाशे वर्षं ही या एका खटल्यातली वस्तुस्थिती आहे, अट नाही. उत्तरपत्रिकेत ती अट म्हणून लिहिलेली मी वाचली आहे.

गप्प राहण्याचा अर्थ किती लावायचा, हा पुढचा आणि जास्त वादाचा प्रश्न. याला १३ जुलै २००९ च्या कोस्टारिका विरुद्ध निकाराग्वा निकालाने चांगली जोड मिळते. सान हुआन नदी निकाराग्वाची, पण कोस्टारिकाच्या काठावरचे लोक पोटापुरती मासेमारी त्या काठावरून करत आले होते. वस्ती विरळ, भाग दुर्गम, म्हणून त्याचे सरकारी कागद फारसे असणं शक्यच नव्हतं, हे न्यायालयाने लक्षात घेतलं. इतका काळ कुणी प्रश्न न करता चाललेल्या या पद्धतीतून हक्क उपजला आहे हे निकाराग्वाने नाकारलं नव्हतं, आणि न्यायालयाने त्याला विशेष वजन दिलं. काठावरून मासेमारी करण्याचा रूढिजन्य हक्क मान्य झाला. नदीत होडी घालून मासेमारी करण्याचा मात्र नाही. दमणसारखीच इथेही ठिकाण तेच, माणसं तीच, आणि रेषा आचरणाच्या प्रकारावर पडली.

पण मौनाचा हा अर्थ सगळीकडे लावता येत नाही. विधी आयोगाने घातलेल्या दोन मर्यादा मी मुलांना वेगळ्या लिहून घ्यायला लावते: राज्याला प्रतिक्रिया देणं शक्य असायला हवं, म्हणजे त्याला ती गोष्ट माहीत असायला हवी, आणि परिस्थिती अशी हवी की प्रतिक्रिया अपेक्षित होती. दोन शेजाऱ्यांत हे सिद्ध करणं सोपं, कारण गाडी समोरून जाते. जगभराला लागू होणाऱ्या सर्वसाधारण रूढीत, जिथे एखादं राज्य हजारो मैलांवरच्या आचरणाबद्दल गप्प आहे, तिथे त्या मौनाला संमती म्हणणं धोक्याचं आहे, आणि ते बहुधा लहान किंवा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशांच्या पदरात पडतं. म्हणून दमणचा खटला ही स्थानिक रूढीची कसोटी आहे, जिथे दोन्ही पक्षांची स्वीकृती दाखवावी लागते. तिच्यावरून सर्वसाधारण रूढीचा निष्कर्ष काढू नये.

यातून सार्वजनिक धोरणासाठीही एक गोष्ट निघते आणि ती मला खरोखर महत्त्वाची वाटते. शेजारी देशाला नदीचं पाणी, चराई, रस्ता अशी काही सवलत देताना सरकारांनी ती सवलत आहे हे लिहून ठेवावं, आणि घेणाऱ्यानेही तोच कागद मान्य करावा. यात उदारपणा कमी होत नाही. सवलतीतून हक्क उपजेल या भीतीने रस्ताच बंद करणाऱ्या सरकारांपेक्षा, स्पष्ट कागद ठेवून रस्ता चालू ठेवणारं सरकार सीमेवरच्या माणसांसाठी बरं.

आता एक प्रश्न सोडवून पाहू, पेपरमध्ये येतो तसा. ‘क’ देशाच्या डोंगरपट्टीतून ‘ख’ देशाचे धनगर साठ वर्षं मेंढरं घेऊन पलीकडच्या कुरणात जात आले आहेत. चौकीवर नोंद होते, दोनदा जनावरांच्या साथीमुळे ‘क’ने महिनाभर रस्ता बंद ठेवला आणि साथ ओसरल्यावर तो आपोआप उघडला. ‘ख’चे बंदूकधारी वनरक्षकही त्याच वाटेने जातात, पण दर वर्षी ‘ख’चं वनखातं पत्र पाठवून परवाना घेतं. यंदा ‘क’ने दोघांनाही बंदी केली. ‘ख’चा दावा टिकेल का?

बहुतेक मुलं इथे अनुच्छेद ३८ लिहून एक पान भरतात. एक वाक्य पुरे. मग लगेच वाद दोन भागांत तोडायचा, कारण आचरणाचे प्रकार दोन आहेत आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लागू होत नाही. धनगरांच्या बाबतीत आचरण दीर्घ आणि एकसारखं आहे. साथीतली बंदी आणि नोंद हे नियमन आहे, कारण बंदीला ठरावीक कारण होतं आणि ती उठल्यावर कुणी विनंती केली नाही. मेंढपाळ हे खाजगी लोक आहेत, मग राज्याचं आचरण कुठे, असा आक्षेप परीक्षकाच्या मनात असतो. त्याचं उत्तर लिहायचं की इथे पाहायचं ते ‘क’च्या अधिकाऱ्यांनी चौकीवर साठ वर्षं काय केलं ते, आणि सान हुआनच्या काठावरचे मासेमारही खाजगीच होते. कायदेशीर जाणिवेसाठी वनरक्षकांचे परवाने बाजूला ठेवून दाखवायचे: परवानगीची पद्धत ‘क’ला येत होती आणि धनगरांकडून त्याने ती मागितली नाही. म्हणून हक्क, पण नियमनाखाली. वनरक्षकांचा दावा पडतो, आणि तो ‘ख’च्या स्वतःच्या वार्षिक पत्रांनी पडतो.

इतकं लिहिलं तरी एक गोष्ट उरते, आणि चांगले मार्क तिथेच असतात. ‘क’ने यंदा धनगरांना केलेली बंदी हक्काचा भंग आहे का, हे त्या बंदीच्या कारणावर अवलंबून आहे, आणि प्रश्नात कारण दिलेलंच नाही. कारण नसेल, किंवा ते केवळ ‘ख’वर दबाव आणण्याचं असेल, तर भंग. सीमेवर खरोखर तणाव असेल, तर १९६० चा नऊ विरुद्ध सहा मतांचा भाग आठवावा लागतो, आणि मग ‘ख’कडे हक्क असूनही या खटल्यात त्याच्या हाती काही लागत नाही.